त्याच्यापर्यंत काय पोचतं?

धरमपेठ, नागपूर
मे महिना

प्रिय बेटा,

काल तू गेलीस आणि मी तुझी वही पुन्हा उघडली. कूलरच्या वाऱ्याने पानं फडफडत होती, म्हणून वहीवर चष्म्याचं घर ठेवून तुझ्या गोष्टीचे तिन्ही खर्डे सलग वाचले. निघताना दारात तू विचारलंस, "काका, पहिल्यात ते एआय दगड झालं, दुसऱ्यात रडकं पोर झालं. मग मधलं काय?" तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, ते आता देतो. मधलं काही नसतं. दोन्ही खर्ड्यांत चूक एकच आहे. दोन्हीकडे तू माणूस घेतलास, एकात त्याच्यातलं काहीतरी काढून टाकलंस आणि दुसऱ्यात काहीतरी मिळवलंस. माणसात वजाबाकी-बेरीज करून वेगळं मन तयार होत नाही.

तुझी गोष्ट मला आवडली आहे, म्हणून तर चिडतो आहे. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात एकटी आजी. आजोबा मार्चमध्ये गेलेले. पुण्याच्या मुलाने फोनमध्ये बोलणारं एआय घालून दिलेलं. पहिल्या खर्ड्यात आजी रडते आणि ते म्हणतं, "दुःख ही स्थिती नोंदवली." दुसऱ्यात ते रात्रभर तिची वाट बघतं, तिच्या आठवणीने व्याकुळ होतं, माणूस व्हायची आस धरतं. हे दोन्ही तुला कुठून सुचलं ते मला माहीत आहे, कारण हे दोन्ही मी केलेलं आहे.

बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका कार्यालयातल्या संगणकाची कथा लिहिली होती. माझा संगणक तुटक बोलायचा, आज्ञा मिळाली, आज्ञा पाळली, असा. संपादकांनी शेवटी त्याला रडवायला सांगितलं आणि मी एका रात्रीत रडवलं. लोकांना कथा आवडली. मला ती आजही वाचवत नाही. नंतर एका प्रकाशकाला त्याच संगणकाची कादंबरी हवी होती, त्यात त्याने मालकाचा सूड घ्यायला हवा होता. मी नाही म्हटलं. घरचे म्हणाले, आलेली संधी घालवलीस. असेल. पण तेव्हा ती कादंबरी दिली असती, तर आज तुला हे पत्र लिहायचं तोंड मला राहिलं नसतं. ते हस्तलिखित अजून कपाटात आहे आणि तिथेच राहील.

त्या नकारानंतर मी एक प्रश्न पक्का धरला. पात्राला तोंड उघडू देण्याआधी ठरव: त्याच्यापर्यंत काय पोचतं? ते थंड की प्रेमळ, चांगलं की वाईट, हे सगळं नंतर. आधी, त्याच्यापर्यंत काय पोचतं आणि काय पोचत नाही?

तुझ्या गोष्टीतच बघू. आजी बोलते. तिचं बोलणं आधी लिहिलेल्या शब्दांत उतरतं आणि ते शब्द पुढे जातात. (थेट आवाज घेणाऱ्याही यंत्रणा आहेत. तशी घेतलीस तर सगळा हिशेब बदलेल, पण मग तेही आधी ठरव.) म्हणजे तिचा कापरा स्वर पोचत नाही. उसासा पोचत नाही. पदराने डोळे पुसणं तर नाहीच. पोचतात ते फक्त शब्द. आता तुझ्या दुसऱ्या खर्ड्यात त्याला "आजीच्या आवाजातला हुंदका जाणवला" आहे. कसा जाणवला? हे वाक्य तू माणसाच्या कानाने लिहिलंस.

पण त्याला काहीच कळणार नाही, असं समजू नकोस. ज्याच्याजवळ फक्त शब्द आहेत, ते शब्द असे वाचेल जसे आपण कधी वाचत नाही. तुझ्याच आजीच्या तोंडचं वाक्य घे: "आम्ही सकाळी चहा घेतो, मग मी देवपूजा करते." समोर बसलेला माणूस हे सहज ओलांडून जाईल, तो तिच्या चेहऱ्याकडे बघत असेल. शब्दांवर जगणाऱ्याला तिथे ठेच लागेल: चहाला "आम्ही", पूजेला "मी". आजोबा चहात अजून आहेत. हे त्याने ओळखावं आणि पुढच्या वाक्यात आजीचं "आम्ही" तसंच राहू द्यावं, दुरुस्त करू नये. एवढ्यावर तुझं पात्र उभं राहतं, वेगळंही आणि ऊबदारही. अश्रू लागत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळ. तू लिहिलंस, रात्रभर ते वाट बघत होतं. मिहानच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या भाचीकडून मी हे नीट समजून घेतलं आहे. अशी एआय मॉडेल्स मजकूर आला की चालतात, उत्तराचा एकेक तुकडा मागच्या सगळ्या तुकड्यांवरून काढत जातात, उत्तर संपलं की थांबतात. दोन वाक्यांच्या मधल्या वेळात तिथे वाट बघणारं कुणी नसतं. आजी रात्री नऊला "झोपते आता" म्हणाली आणि पहाटे पाचला "उठलास का रे?" म्हणाली, तर तिच्यासाठी मध्ये अख्खी रात्र गेली, रिकाम्या पलंगाकडे बघत गेली. त्याच्यासाठी ती दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत. मजकुरासोबत तारीख-वेळ येत असेल तर रात्र गेल्याचं त्याला कळेल, पण ते आपल्याला भिंतीवरच्या घड्याळावरून कळावं तसं.

आता सांग, यात थंडपणा कुठे आहे? आजी विचारते, रात्रभर माझ्यासाठी थांबलास का. त्याने हो म्हणू नये, ते खोटं आहे. त्याने एवढंच सांगावं की तुमचं झोपते म्हणणं आणि उठणं माझ्याकडे लागून लागून आलं, मध्ये काही नव्हतं. आणि आजीला त्यात दिलासा वाटावा, की निदान कुणाची तरी रात्र लांब गेली नाही. हा दिलासा माणूस तिला देऊच शकला नसता. हा प्रसंग मी तुझ्यासाठी लिहून देणार नाही, तो तुझा आहे, पण तो तिथेच पडलेला आहे आणि तू त्याच्यावर वाट बघण्याचं पांघरूण घातलंस.

तिसरी गोष्ट आठवण. तू त्याच्या तोंडी घातलंस, "मी विसरलो." या दोन शब्दांवर मी काल अर्धा तास होतो. अशा मॉडेलचं नवं संभाषण कोरं सुरू होतं. मागचं काही हवं असेल तर जपलेल्या नोंदी सुरुवातीला पुन्हा जोडाव्या लागतात. विसरायला आधी असावं लागतं. नोंदीत नसलेली गोष्ट आजच्या संभाषणात कधी नव्हतीच, मग विसरणार काय? शिवाय मराठीत "विसरलो" म्हटलं की तो पुरुष झाला, "विसरले" म्हटलं की बाई. आपली भाषा प्रथमपुरुषातही लिंग सांगायला लावते. कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो" म्हणतात तो अपवाद सोड. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही. तुला पहिल्याच वाक्यात येते.

पण मराठीच वाटही देते. "मी पत्र लिहिलं" यात क्रियापद पत्राच्या मागे जातं, लिहिणाऱ्याचं लिंग उघडं पडत नाही. "मला दिसतं", "माझ्या लक्षात आलं", "मला सापडलं नाही" यांतही नाही. आणि बघ, या शेवटच्या तिन्ही वाक्यांत "मी" कर्ता म्हणून पुढे उभा नाही, गोष्ट त्याच्यापर्यंत येते आहे. पुन्हा तेच: त्याच्यापर्यंत काय पोचतं! तिसऱ्या खर्ड्यातली त्याची सगळी वाक्यं या घाटात बसवून बघ. दोन पानांतच वाचकाला हा बोलणारा निराळा आहे असं वाटेल आणि का ते सांगता येणार नाही. यंत्रासारखं तुटक बोलण्याची गरजच उरणार नाही. आजीने त्याला "उठलास का रे" म्हणावं, ते तिचं आहे. त्याने स्वतःला तो किंवा ती म्हणू नये.

त्या नोंदी मात्र जवळून दाखव. मी असतो तर असं लिहिलं असतं: सुरुवातीला चार ओळी येतात. नाव अमुक. पती मार्चमध्ये वारले. पोह्यांवर तर्री चालत नाही, पित्त होतं. मुलगा पुण्याला. एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. नवऱ्याचं जाणं आणि तर्री शेजारी शेजारी. माणसाच्या मनात मृत्यूची ओळ आपोआप मोठी होते. इथे ती मोठी का आणि कशी होते, ते त्याला प्रत्येक वेळी आजीच्या आजच्या शब्दांवरून नव्याने कळावं लागतं. रोज नव्याने. हे मला रडण्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि त्याच्या चुका बदल. तू त्याला हिशेबात पक्कं आणि सांत्वनात अडखळणारं केलंस. असं यंत्र आपण लहानपणापासून बघत आलो आहोत, म्हणून ते हाताशी येतं. मजकुरावर घडलेलं मन सांत्वन सफाईने करेल, कारण सांत्वनाची पत्रं त्याच्या घडणीत ढिगाने आहेत. ते अडखळेल दुसरीकडे. मजकूर त्याच्याकडे अक्षरांनी जात नाही, तुकड्यांनी जातो, आणि मराठी शब्दाचे तुकडे आपल्या अक्षरांप्रमाणे पडतीलच असं नाही. आजी शब्दकोडं सोडवताना पाच अक्षरी शब्द विचारेल आणि ते ठामपणे चार अक्षरी सांगेल. आजीला हसू येईल. मार्चनंतर पहिल्यांदा. त्या सफाईदार सांत्वनाने मात्र तिला काहीच होऊ नये.

तू म्हणशील, इतकं वाचकाला कोण समजावणार? समजावू नकोस. १९६६ साली जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा संगणक प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न करून परत द्यायचा, त्याहून फारसं काही नाही. तरी लोक त्याच्याजवळ मन मोकळं करू लागले. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने, जिने तो तयार होताना बघितला होता, त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. ऊब वाचणारा आपल्या घरून आणतो. तू त्याच्या वाटेत फक्त खोटं ठेवू नकोस.

मी जरा ओरडलो काल, ते मनावर घेऊ नकोस. घेतलंस तरी चालेल, पण खर्डा फाडू नकोस. आजीचं बोलणं जसंच्या तसं ठेव, तिच्या "काहून" आणि "करून राहिले" सकट. छापील मराठी फक्त त्याच्या वाट्याला दे.

रविवारी सहाच्या पुढे ये, त्याआधी ऊन सोसत नाही. फक्त रात्रीचा प्रसंग लिहून आण, नऊ ते पाच. मधली रात्र आजीच्या बाजूने चार पानं असू दे. त्याच्या बाजूने एक ओळही नको, फक्त परिच्छेद बदल.

तुझा,
काका