निरोपाच्या भाषणात ‘झी’ सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा मसुदा वाचला. निवृत्त होणाऱ्या बाईंशी तू दोन वर्षे ‘झी’ने, म्हणजे जर्मनमधल्या आदरार्थी सर्वनामाने बोलतोस आणि निरोपाच्या दिवशी मात्र त्यांना जवळिकीच्या ‘डू’ने ‘तुम्ही मला आईसारख्या होतात’ असे सांगणार आहेस. आपल्याकडच्या निरोपसमारंभात हे वाक्य डोळ्यांत पाणी आणते. जर्मन कचेरीत ऐकणारा मात्र अवघडतो, कारण ‘डू’ने बोलू या असे तिथे वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने सुचवायचे असते आणि बाईंनी तुला ते सुचवलेले नाही.

हीच चूक मी केली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या निरोपाला भावनेच्या भरात मी ‘डू’ म्हणालो. त्यांनी आभार मानले ते शांतपणे ‘झी’नेच. त्यांचा तो स्वर अजून माझ्या कानात आहे. म्हणून पुन्हा सांगतो, जिव्हाळा सर्वनामातून येत नाही, तपशिलातून येतो.

सुरुवात ‘झेअर गेएर्टे’ने केलीस तर ते सरकारी पत्रासारखे वाटेल आणि ‘हालो’ने केलीस तर उथळ. ‘लीबे फ्राऊ’, पुढे त्यांचे आडनाव, मग ‘लीबे कोलेगिनन उंड कोलेगन’. यातले ‘लीबे’ आपुलकीचे असूनही ‘झी’सोबत सहज चालते. ‘सगळ्यासाठी आभार’ हे वाक्य कोणालाही म्हणता येते, म्हणून ते खोड. पहिल्या हिवाळ्यात बाई तुझे प्रत्येक इतिवृत्त तपासून देत, हे तूच मला लिहिले होतेस. तेच सांग: ‘डांके, डास झी मिअर इम एर्स्टन विंटर येडेस प्रोटोकोल कोरिगिर्ट हाबन.’ ‘डास’नंतरचे क्रियापद शेवटी जाते, मराठीत जाते तसेच, तिथे तू अडखळण्याचे कारण नाही.

खरा धोका पुढच्या वाक्यात आहे. तू ‘विअर वेर्डन ईनन फेलन’ लिहिले आहेस. त्याचा अर्थ ‘तुम्हाला आमची उणीव भासेल’ असा होतो! जाणारी व्यक्ती इथे कर्ता असते: ‘झी वेर्डन उन्स फेलन’, म्हणजे आम्हाला तुमची उणीव भासेल. आपल्या मनातले ‘आम्हाला’ आधी उच्चारायची घाई करू नकोस.

मग ‘विअर व्युन्शन ईनन आलेस गुटे’ म्हणून शुभेच्छा दे आणि थांब. हे सारे एका मिनिटात बसते. तुला ते कोरडे वाटेल. माझ्या ओळखीचे अनेकजण मलाही कोरडा म्हणतात, पण ज्याला आपण मान देतो त्याच्याशी शेवटच्या दिवशी नाते बदलू नये, हे माझे मत मी सोडणार नाही. बाईंनी नंतर स्वतःहून ‘डू’ सुचवले, तर आनंदाने स्वीकार.

फुले तूच देणार असशील, तर देण्यापूर्वी वरचा कागद काढ. तिकडची जुनी रीत तशी आहे.

तुझा,
एक जुना सहकारी