1/√x, शून्य ते एक: उत्तर बरोबर, मग मार्क कुठे गेले?

प्रश्न: ∫ 1/√x dx, 0 ते 1. मी 2√x काढलं, लिमिट्स टाकल्या, उत्तर २ आलं. उत्तर बरोबर आहे तरी ५ पैकी १ मार्क, शेरा "लिमिट कुठे?" लिमिट तर टाकलीये ना! आणि सर म्हणतात उजवीकडूनच घ्यायची, ते का?

उत्तर:

हे वाचलं आणि माझं एस.वाय.चं वर्ष आठवलं, शेरासुद्धा तोच होता. सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. इंटिग्रलच्या खालीवर जे आकडे लिहितो त्यांनाही आपण लिमिट म्हणतो, आणि a शून्याकडे नेतो त्यालाही लिमिटच. तुझ्या सरांना दुसरी हवीये.

मला हे कुणी सांगितलंच नाही. रीचेकिंगची फी भरली, दीड महिन्याने "गुणात बदल नाही" एवढी एक ओळ आली. खिडकीवर विचारलं तर म्हणे विभागात जा, विभागात गेले तर म्हणे तपासलेल्या पेपरवर आम्ही बोलत नाही. एका वाक्याचं उत्तर होतं हो! मग मी मनाशी ठरवून टाकलं की उत्तर बरोबर म्हणजे पद्धतही बरोबर, आणि ही चूक मला सगळ्यात महाग पडली. पुढच्या परीक्षेत आलं ∫ 1/x² dx, -1 ते 1. मी -1/x मध्ये आकडे घातले, -1 वजा 1, उत्तर -2 लिहून पुढे गेले. फंक्शन सगळीकडे पॉझिटिव्ह आणि क्षेत्रफळ मायनस, तरी थांबले नाही. तो विषय राहिला.

तुझ्या गणितात तीच पद्धत का चालली? कारण 2√x हे फंक्शन शून्यापाशीही कंटिन्युअस आहे, त्यामुळे शून्य घातलं काय आणि लिमिट घेतली काय, एकच येतं. -1/x तिथे तुटतं. म्हणजे शॉर्टकट चालणार की नाही हे ठरवायलाच लिमिट लागते, म्हणून ती लिहायची:

∫ₐ¹ dx/√x = 2 − 2√a, आणि a → 0⁺ केलं की 2.

बस, एवढ्या एका ओळीचे मार्क होते. 1/x ला हेच करून बघ, -ln a येतं आणि ते वाढतच जातं, म्हणून तिथे उत्तरच नाही.

आता लिमिटशिवाय, सरळ रीमान बेरजेने का नाही जमत? ० ते १ चे १०० तुकडे कर. पहिल्या तुकड्याची रुंदी ०.०१, आणि त्यातला कुठलाही बिंदू निवडायची मुभा आहे. मी x = 0.00000001 निवडला तर तिथे उंची १०,०००, म्हणजे तो एकच पट्टा १०० चा झाला! अजून जवळ गेलं तर अजून मोठा. तुकडे कितीही बारीक करा, बेरीज २ वर बसत नाही. शून्यापाशी फंक्शनची किंमत 0 मानली तरी उपयोग नाही, कारण भानगड त्या एका बिंदूत नसून त्याच्या शेजारी आहे. म्हणून शेजार थोडा कापायचा, a पासून १ पर्यंतचं नेहमीचं इंटिग्रल करायचं आणि मग a सरकवायचा. उजवीकडूनच, कारण इंटरव्हल शून्याच्या उजवीकडे आहे आणि डावीकडे √x रिअलच नाही.

उंची अनंत आणि क्षेत्रफळ २, हे पचत नसेल तर दगड सोडून बघ (हवेचा अडथळा सोडून दे). x मीटर पडल्यावर वेग √(2gx), म्हणून लागणारा वेळ म्हणजे ∫ dx/√(2gx), तुझंच इंटिग्रल. सुरुवातीला वेग शून्य, म्हणजे 1/वेग अनंत, तरी दगड काय वरच अडकून बसत नाही, g = 9.8 धरलं तर ४.९ मीटर बरोबर १ सेकंदात पडतो. पण पहिल्या ४.९ सेंटीमीटरलाच ०.१ सेकंद जातो, अंतराचा शंभरावा भाग आणि वेळेचा दहावा. वरचं 2√a म्हणजे हेच, a = 0.01 ला कापलेला भाग ०.२, २ चा दहावा हिस्सा.

याच कारणाने कॉम्प्युटरवर a = 0.0001 पासून सुरुवात केली तरी १.९८ च येतं, एक आकडा अजून बरोबर हवा तर a शंभर पटीने लहान करावा लागतो. त्यापेक्षा x = t² घाल, आत नुसता 2 उरतो, ० ते १, भानगडच संपते. पण परीक्षेत हे केलंस तरी आधी लिमिटची ओळ लिही असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे स्टेपला किती मार्क देतात ते मला माहीत नाही, माझा सिलॅबस जुना. तपासलेला पेपर हातात असेल तर सरांनाच जाऊन विचार, "कोणती लिमिट?" याच शब्दांत, आणि रीचेकिंगची फी भरायच्या आधी विचार.