आयक्यू चांगला, तरी वही कोरी: अहवालातला कोणता आकडा बघायचा?

प्रश्न: मुलगा चौथीत आहे. बोलायला लागला की मोठी माणसं ऐकत राहतात, पण वहीत दोन ओळींपुढे जात नाही. बाई म्हणतात, आळस करतो. कोथरूडला चाचणी केली, आयक्यू 113 आला आणि 'काळजीचं कारण नाही' असं सांगितलं. अजून काही तपासायचं का?

उत्तर: हो, तपासा. आधी त्या 113 मध्ये काय दडलंय ते बघा. बऱ्याच चाचण्यांत एकूण आकड्याबरोबर शाब्दिक आकलन, आकृतींवरचा विचार, कार्यकारी स्मृती म्हणजे ऐकलेलं क्षणभर डोक्यात धरून वापरणं, आणि कामाचा वेग यांचे गुण वेगळे काढतात. ते अहवालात नसतील तर मागून घ्या.

मी विशेष शिक्षिका आहे. माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलाचे गुण याच क्रमाने होते 132, 123, 94 आणि 85. एकूण आकडा तुमच्या मुलाएवढाच, पण त्या मुलाचं वर्णन करायला तो निरुपयोगी होता. इतकी तफावत असेल तेव्हा जाणकार मानसतज्ज्ञ पहिल्या दोन गटांवरून वेगळा निर्देशांक काढतात आणि उरलेल्या दोन गटांकडे अडचण म्हणून बघतात.

मराठीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, त्यामुळे हुशार मूल चुका न करता वाचायला शिकतं आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली मूळची अडचण, लपून जातो. उरतो तो संथपणा. माझ्याकडचा तो मुलगा परिच्छेद अचूक वाचायचा, पण वर्गातल्या इतरांच्या दुप्पट वेळ घेऊन. अर्थ विचारला की उत्तर चोख. लिहायला सांगितलं की जोडाक्षरं मोडायची आणि वाक्य आखूड व्हायचं, कारण अवघड शब्द तो टाळायचा. घरी एकाच विषयावर आधी पाच मिनिटं बोलायला लावा, मग तेवढाच वेळ लिहायला. दोन्हींतलं अंतर तज्ज्ञांना दाखवा. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

लक्ष टिकत नाही, अशी शंका असेल तर आवडीच्या खेळात तासभर रमतो यावरून ती सोडू नका. एडीएचडी असलेली मुलंही आवडीच्या कामात रमतात. त्रास घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसतो का ते बघायचं.

आता डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची अडचण. ते वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी वापरतात तेव्हा सहसा मूल दोन इयत्ता मागे असावं लागतं. तुमच्या मुलासारखा मुलगा बुद्धीच्या जोरावर एकच इयत्ता मागे राहतो आणि निकषातून निसटतो. म्हणून वाचन-लेखनाचा वेग मोजलेली नोंद आणि वह्यांचे नमुने सोबत न्या.

प्रमाणपत्र नसलं तरी वर्गशिक्षिकेकडे दोन गोष्टी मागता येतात: तोंडी उत्तरं आणि लिहायला जास्त वेळ. उपचारात्मक वर्ग लावलात तर त्याचं विज्ञान मंडळ किंवा बुद्धिबळ त्यापायी बंद करू नका. माझ्याकडच्या मुलाचं वाचन सुधारत होतं, पण आवडीचा तास काढून घेतला तेव्हा त्याने वर्गालाच यायचं नाकारलं. तो तास परत दिल्यावर आला.