गुटख्याने तोंड आखडतं, मग तंबाखू मळणाऱ्याचं का नाही?

प्रश्न: "माझा भाऊ २६ वर्षांचा आहे. पाच-सहा वर्षं गुटखा खातोय. आता त्याला तिखट सहन होत नाही आणि तोंडात दोनच बोटं जातात. आमचे काका तीस वर्षं तंबाखू-चुना मळून खातात, त्यांचं तोंड व्यवस्थित उघडतं. फक्त खालच्या पुढच्या दातांची हिरडी उतरलीय आणि ओठाच्या आत पांढरट चट्टा आहे. भावाने आता तंबाखू सोडून नुसती सुपारी धरलीय. एवढं पुरेसं आहे का?"

नाही. खरं तर भावाने नेमकी उलटी वस्तू सोडली आहे. तोंड आखडण्यामागे मुख्य हात सुपारीचा असतो, तंबाखूचा नाही. काकांच्या चिमटीत तंबाखू आणि चुना एवढंच असतं, म्हणून त्यांचं तोंड अजून उघडतं. गुटख्याच्या पुडीत सुपारी, तंबाखू, चुना, कात आणि सुगंधी मसाला असं सगळंच असतं. मी दंतवैद्य आहे. असे दोन रुग्ण पाठोपाठ आले की त्यांनी काय खाल्लंय ते तोंडात आरसा घातल्यावर बहुतेक वेळा न विचारताच कळतं.

आधी भावाचं पाहू. गालाच्या आतल्या नाजूक कातडीखाली कोलॅजनचे धागे असतात. शरीर जुने धागे मोडतं, नवे बनवतं आणि हा हिशोब जमलेला असतो. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य धागे बनवणाऱ्या पेशींना सतत डिवचतं, त्यामुळे नवे धागे जास्त तयार होतात. सुपारीतल्या तुरट द्रव्यांमुळे (टॅनिन) हे धागे चिवट होतात आणि जुने धागे मोडण्याचं काम मंदावतं. शिवाय सुपारीत तांब्याचं प्रमाण बरंच असतं. धागे एकमेकांना घट्ट जोडणारं जे एन्झाइम आहे, त्याला तांबं लागतं. म्हणजे धागे बनतात जास्त, मोडतात कमी आणि जे आहेत ते आणखी आवळले जातात. चुना अरेकोलिनचं अरेकायडिन करतो, आणि तेही याच पेशींना चेतवतं.

सुरुवात जळजळीने होते. भाजीतली मिरची झोंबते, तोंडात फोड येतात. मग गाल आतून पांढुरका, फिक्या संगमरवरासारखा दिसू लागतो. पुढे गालात उभे, दोरीसारखे पट्टे बोटाला लागतात, शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली केनियातल्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये हा आजार पाहून श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हा कारण माहीत नसल्याने त्याला 'अज्ञात कारणाचा' ठरवलं होतं. आज कारण माहीत आहे, तरी पानटपरीवर साधी सुपारी 'सोबर' समजली जाते. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत पहिल्या गटात धरलं आहे. एकदा तयार झालेले पट्टे सुपारी सोडल्यावर विरघळत नाहीत. जळजळ कमी होते आणि वाढ मंदावते, एवढंच. म्हणून 'थांबवायचं कधी' याला फार महत्त्व आहे.

आता काकांचं. 'धूर नाही म्हणजे कॅन्सर नाही' हा समज इथे चुकतो. तंबाखूचं पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यातल्या निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसमाइन तयार होतात. त्यांतले एनएनएन आणि एनएनके हे दोन खात्रीने कर्करोगजनक आहेत. म्हणजे विष तोंडात टाकण्याआधीच पुडीत तयार असतं. ते शरीरात सक्रिय होऊन पेशीच्या डीएनएला चिकटतं. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन झटकन शोषलं जातं, म्हणूनच मळल्यावर 'किक' लागते. तोच चुना कातडी भाजतो, आणि भाजलेल्या जागी पेशी पुन्हापुन्हा विभागत राहतात. डीएनएवर चिकटलेली चूक दुरुस्त होण्याआधी पेशी विभागली, की चूक पुढच्या पेशींत कायम होते. अशा चुका साठत गेल्या की कर्करोगाची वाट मोकळी होते. गुटख्यात तंबाखूची ही सगळी करामत आणि सुपारीचीही, दोन्ही एकाच जागी भेटतात.

चट्टा कुठे आहे ते म्हणूनच महत्त्वाचं. काकांचा बार जिथे बसतो तिथेच तो आहे. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जिभेवर जास्त दिसतो, आपल्याकडे गालाच्या आणि खालच्या हिरडीच्या खाचेत, कारण पुडीचा मुक्काम तिथे असतो.

हिरडीचं गणित थोडं फसवं आहे. निकोटिन रक्तवाहिन्या आकसतं. साध्या हिरडीच्या आजारात ब्रश करताना रक्त येतं, माणूस घाबरून डॉक्टरकडे येतो. तंबाखू खाणाऱ्याच्या हिरडीत आतून हाड झिजत असलं तरी रक्त कमी येऊ शकतं, त्यामुळे दुखणं उशिरा कळू शकतं. शिवाय जिथे बार रोज ठेवला जातो, तिथली हिरडी चुना आणि घर्षणाने खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, थंड लागतं आणि पुढे मुळाशी कीड लागते. काकांची उतरलेली हिरडी ही त्याच जागेची खूण आहे. भावाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. तोंडच उघडत नसेल तर दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही.

'धोका कोणाला जास्त?' याचं एका शब्दात उत्तर देणार नाही. सबम्यूकस फायब्रोसिस असलेल्यांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा हे प्रमाण ७.६ टक्के निघालं. गट लहान होता, म्हणून या आकड्याला भविष्यवाणी समजू नका. मात्र आखडलेल्या तोंडात गाठ लपते आणि ती काढण्यासाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणंही कठीण जातं.

काकांनी त्या जागी बार भरणं आजपासून बंद करावं. अशा जागचे चट्टे तंबाखू सोडल्यावर अनेकदा दोन ते सहा आठवड्यांत फिके पडतात. न गेल्यास, किंवा मधे लालसर भाग, कडकपणा, न भरणारा व्रण, अकारण हलणारा दात, मानेत गाठ यातलं काहीही असेल तर लगेच त्या जागचा तुकडा तपासायला द्यावा. सुरुवातीला वेदना नसते, त्यामुळे 'दुखत नाही' हा आधार घेऊ नका. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही.

भावाने सुपारीसकट सगळं बंद करावं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असतं. भावाचं ३५ च्या खाली असणारच. आकडा तारखेसह लिहा आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. तिथे तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि गरज पडल्यास पट्टे मोकळे करण्याची शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सोडले की तोंड पुन्हा आखडतं, म्हणून दर महिन्याला माप घेऊन वहीत लिहीत राहा.