जांगडावर दिलेला माल: चलन कधी, बिल कधी आणि परतीची नोंद कशी

प्रश्न: आम्ही साड्या होलसेलमध्ये विकतो. दुकानदार म्हणतात, आधी माल पाठवा, विकला जाईल तो ठेवू, बाकी परत करू. अशा मालाचं सरळ बिल करावं की डिलिव्हरी चलन? आणि परत आलेला माल स्टॉकमध्ये कसा घ्यायचा?

मी येवल्यात पैठणीच्या घाऊक व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. तिथे निम्मा धंदा जांगडावरच चालतो, म्हणून त्याच अनुभवावरून सांगतो.

चलनच करा. सरळ बिल केलं की त्या महिन्याच्या GSTR-1 मध्ये ती विक्री दिसते, कर तुमच्यावर बसतो, समोरच्याच्या GSTR-2B मध्ये क्रेडिट जातं आणि त्याने अजून एकही साडी पसंत केलेली नसते. नंतर निम्मा माल परत आला की क्रेडिट नोट, तिची पुन्हा रिटर्नमध्ये नोंद, त्याच्याकडे क्रेडिट उलटवणं. विकलाच नव्हता तो माल विकल्याचं दाखवून मग तो पुसत बसायचं. कायद्यालाही हे अपेक्षित नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम 31(7) नुसार पसंतीसाठी पाठवलेल्या मालाचं बिल पुरवठा होईल तेव्हा किंवा त्याआधी करायचं, किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी असेल तेव्हा.

सगळी गडबड या सहा महिन्यांवरून होते. बरेच जण ते वाचून निर्धास्त होतात: माल जूनमध्ये गेलाय, डिसेंबरपर्यंत वेळ आहे, तेव्हा बिल करू. पण सहा महिने ही शेवटची हद्द आहे, मुदत नव्हे. पुरवठा नक्की कधी झाला हे ठरवायला माल विक्री कायदा, 1930 चं कलम 24 उपयोगी पडतं. त्यात तीन गोष्टी आहेत. समोरच्याने पसंती कळवली की माल त्याचा झाला. पसंती न कळवताही त्याने माल आपला मानून काही केलं, म्हणजे पुढे गिऱ्हाइकाला विकला, तर त्याच क्षणी त्याचा झाला. आणि काहीच न कळवता माल ठेवून घेतला, तर ठरलेली मुदत संपताच तो त्याचा झाला. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी काळ' संपल्यावर, आणि वाजवी म्हणजे किती यावर भांडण ठरलेलं.

म्हणून चलनावर मुदतीची एक ओळ छापून घ्या: 'माल पसंतीसाठी पाठवला आहे, विक्री नाही. अमुक तारखेपर्यंत परत न आल्यास किंवा नापसंती न कळवल्यास माल पसंत समजून बिल केलं जाईल.' पंधरा दिवस ठेवा, महिना ठेवा, तुमच्या धंद्याला जमेल ते, पण तारीख घाला. बिलाची तारीख नंतर याच ओळीवरून ठरते.

चलन कसं असावं ते नियम 55 मध्ये आहे. वेगळी क्रमांकमाला, क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, तीन प्रती: पहिली माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. दोघांचे जीएसटी क्रमांक, एचएसएन (रेशमी पैठणीला 5007), वर्णन, नग, किंमत, कराचा दर आणि रक्कम, सही. एवढं सगळे करतात. पण 'पैठणी, नग 20' असं लिहिणारेही खूप आहेत आणि परतीच्या दिवशी तेच पस्तावतात. प्रत्येक साडीला टॅग नंबर द्या आणि चलनावर तो एकेका साडीसमोर लिहा. नाहीतर बारा हजाराची गेलेली साडी सहा हजाराची होऊन परत येते आणि सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून बघू.

10 जूनला येवल्याहून कोल्हापूरच्या एका दुकानाला चलन क्रमांक `DC/25-26/041` ने 20 साड्या गेल्या: सहा हजारांच्या दहा, बारा हजारांच्या सहा, वीस हजारांच्या चार. एकूण 2,12,000 रुपये, 5 टक्के कर धरून 2,22,600. मुदत 30 जून. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल लागतं, म्हणून ते काढलं, त्यात कागदाचा प्रकार `Delivery Challan` निवडून. (माल गोव्याला किंवा दुसऱ्या राज्यात जाणार असता तर ही मर्यादा पन्नास हजार, आणि बिलावर आयजीएसटी.) खात्यात या दिवशी दुकानदाराच्या नावे एक रुपयाही पडत नाही.

18 जूनला दुकानदाराचा फोन आला: सहा हजारांच्या पाच आणि बारा हजारांच्या दोन गेल्या. त्याच दिवशी बिल केलं: 54,000 अधिक सीजीएसटी 1,350 अधिक एसजीएसटी 1,350, म्हणजे 56,700. बिलावर चलनाचा क्रमांक, तारीख आणि त्या सात साड्यांचे टॅग नंबर. माल आधीच तिकडे असल्यामुळे या बिलाला नवीन ई-वे बिल लागत नाही. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस मात्र या बिलाचा काढावा लागतो, चलनाचा नाही.

दुकानदाराला पहिल्याच दिवशी समजावून सांगा की साडी विकली की त्याच दिवशी कळवायचं, महिनाअखेरीस यादी द्यायची नाही. त्यात त्याचाही फायदा आहे. खरेदीचं बिल नसताना तो विक्री दाखवत राहिला तर त्याचा स्टॉक उणे जातो, आणि बिलाशिवाय क्रेडिट मिळत नाही ते वेगळंच.

30 जूनला त्याने यादी पाठवली: आणखी पाच साड्या ठेवतोय, आठ परत पाठवतोय. ठेवलेल्या पाचांत सहा हजारांची एक, बारा हजारांच्या दोन, वीस हजारांच्या दोन. दुसरं बिल 70,000 अधिक कर 3,500, म्हणजे 73,500, तारीख 30 जून. परतीच्या आठ साड्या 88,000 रुपयांच्या, कर धरून 92,400. एक लाखाच्या आत, म्हणून राज्यातल्या राज्यात ई-वे बिल नको. पण कागद हवाच: दुकानदाराने स्वतःचं चलन करायचं, त्यावर आपला मूळ चलन क्रमांक आणि परत येणाऱ्या साड्यांचे टॅग नंबर. नुसती 'माल परत' म्हणून चिठ्ठी टाकलेलं पार्सल वाटेत तपासणीला अडकलं तर सोडवताना नाकी नऊ येतात.

3 जुलैला गठ्ठा आला. आधी स्टॉकला चढवून सावकाश मोजायचं, ही सवय मोडा. आधी टॅग आणि टॅगचं सील बघायचं, मग साडी उलगडून पदर आणि काठ, डाग, अत्तराचा वास, सगळं तपासायचं. या आठांत सहा हजारांच्या एका साडीला फॉल-पिको झालेलं निघालं. ती आता परत घेण्याजोगी नाही. कुणीतरी ती आपली मानून शिवून घेतली, म्हणजे पसंतीच झाली. फोटो पाठवून दुकानदाराला फोन केला, त्याने मान्य केलं, आणि तिचं तिसरं बिल झालं: 6,000 अधिक 300. स्टॉकमध्ये सातच साड्या परत घेतल्या, 82,000 च्या. आता जुळवा: 54, 70, 6 आणि 82 हजार मिळून 2,12,000, नग सात, पाच, एक आणि सात मिळून वीस. हे जुळलं की चलन बंद.

टॅलीत याच क्रमाने जायचं. माल निघताना `Delivery Note`, आणि त्याचा ट्रॅकिंग नंबर म्हणून चलन क्रमांकच ठेवायचा. बिल करताना `Sales` व्हाउचरमध्ये प्रत्येक आयटमला तोच ट्रॅकिंग नंबर निवडायचा, म्हणजे स्टॉक दुसऱ्यांदा कमी होत नाही. परत आलेला माल `Rejections In` मध्ये, तोच नंबर देऊन. क्रेडिट नोटने परत घेऊ नका, कारण जी विक्री झालीच नाही ती उलटवायची कशी? शेवटी `Sales Bills Pending` हा रिपोर्ट उघडा. 041 समोर काही शिल्लक दिसत नसेल तर काम झालं. ट्रॅकिंग नंबर न निवडता बिल केलं की साडी दोनदा वजा होते आणि हाच रिपोर्ट ते पकडून देतो: बिल झालेलं असूनही चलन उघडंच दिसत राहतं.

जूनच्या GSTR-1 मध्ये जूनची दोन बिलं गेली, जुलैमध्ये तिसरं. शिवाय तक्ता 13 मध्ये, जिथे महिन्याभरात काढलेल्या कागदांचे क्रमांक द्यायचे असतात, `Delivery Challan for supply on approval` अशी स्वतंत्र ओळ आहे. पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, किती रद्द केले. ती बहुतेक जण कोरी सोडतात, आणि मग तपासणीत चलनाच्या वह्यांबद्दल प्रश्न येतो.

समजा कोल्हापूरच्या दुकानदाराने काहीच कळवलं नसतं, तर 30 जूनलाच उरलेल्या सगळ्या मालाचं बिल करायचं. मुदतीची ओळ त्यासाठीच आहे. फोनवर 'आणखी आठ दिवस द्या' असं ठरलं तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या आणि चलनाला जोडून ठेवा. अशी मुदत कितीही वाढवली तरी 10 जूनपासून सहा महिने झाले की बिल करावंच लागेल, साडी त्याच्या कपाटात न उलगडता पडलेली असली तरी. उशिरा केलं तर कराची तारीख बदलत नाही, फक्त वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज वाढतं. त्यानंतर साडी परत आली तर मात्र खरोखरच क्रेडिट नोट लागते, कारण तेव्हा विक्री झालेली असते. ती त्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरच्या आत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोवर, रिटर्नमध्ये दाखवायची.

मार्चअखेरीला जांगडावर बाहेर असलेला माल तुमच्याच शिलकेत धरायचा, आणि तोही तुमच्या खरेदीच्या किमतीने, चलनावर लिहिलेल्या विक्रीच्या किमतीने नव्हे. प्रत्येक दुकानदाराकडून 31 मार्चला त्याच्याकडे कोणते टॅग नंबर आहेत याची सही-शिक्क्याची यादी मागवा, ऑडिटरही तीच मागतो.