खाते बंद करायचा अर्ज दिला, पण पोच कुठे आहे?

प्रश्न : माझे जुने पगाराचे खाते कोल्हापूरच्या शाखेत आहे, पतीचे नावही त्यात आहे. नोकरी सुटली, आता आम्ही पुण्यात असतो. मे महिन्यात फॉर्म भरून दिला, ‘होऊन जाईल’ म्हणाले. खाते अजून चालूच आहे आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड कापला गेला. १८,६४० रुपये उरलेत. काय करू?

उत्तर : ताई, मे महिन्यात फॉर्म दिल्याचा कागद तुमच्या हातात नाही, अडचण तिथेच आहे. तो दंड परत मागायचा तर अर्जाची तारीख सिद्ध करावी लागते. म्हणून अर्ज पुन्हा करा, या वेळी दोन प्रतींत. खाते क्रमांक, बंद करण्याची विनंती, आणि रक्कम ज्या खात्यात हवी त्याचा क्रमांक व आयएफएससी लिहा. ‘आजपर्यंतच्या व्याजासह’ हे शब्द विसरू नका. त्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडा, उरलेले चेक आणि कापलेले डेबिट कार्ड परत करा. पैसे काढायला एकाची सही चालत असली, तरी खाते बंद करताना बहुतेक बँका दोघांची सही मागतात. असे अर्ज बरेचदा इथेच अडकतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. दिली नाही, तर तोच अर्ज शाखाधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

अर्ज देण्याआधी एक काम करा. गॅसचे अनुदान आधारमार्फत याच खात्यात येत असेल, तर आधार आधी नव्या खात्याला जोडून घ्या. विम्याचे हप्ते इथून कापले जात असतील, तर तेही हलवा. दोन वर्षांचे स्टेटमेंट आताच उतरवून घ्या, कारण खाते बंद झाले की नेट बँकिंगही बंद होते.

पैसे आले की आकडा तपासा. बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. समजा, दर अडीच टक्के आहे, ३० जूनपर्यंतचे व्याज जमा झाले आहे आणि खाते १६ ऑगस्टला बंद झाले. मग ४७ दिवसांचे सुमारे ६० रुपये वर यायला हवेत. नुसते १८,६४० आले तर विचारा. कमी आले तर कोणते शुल्क कापले ते लेखी मागा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि खाते बंद झाल्याचे पत्र घ्या. माझ्या एका अशिलाने पैसे आल्यावर हे पत्र घेतले नाही. खाते शून्य शिलकीवर चालूच राहिले होते आणि वर्षभराने थकबाकीचा मेसेज आला. केवळ किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून खाते उणे करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवल्यावर ती रक्कम मागे घेतली गेली.

पोच मिळाल्यानंतरही दंड लागला, तर त्या तारखेचा आधार घेऊन बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वेळ न दवडता cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जा. शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. शिक्क्याची प्रत मात्र जोडा.