चिठ्ठीत काय लिहावं आणि काय लिहू नये

प्रश्न: माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. सातवी-आठवीची पुस्तकं सहज वाचतो, पण मधल्या सुट्टीत कायम एकटा बसतो. त्याच्या आईवडिलांना पुस्तकं सुचवणारी चिठ्ठी द्यायची आहे. काय लिहू, कोणती पुस्तकं सांगू? शाळा सातारा तालुक्यातली आहे.

उत्तर:

मीही साताऱ्यातच शिकवते. अशी चिठ्ठी मी लिहिलेली आहे, म्हणून सांगते. ‘हुशार’ आणि ‘एकलकोंडा’ हे दोन्ही शब्द तिच्यात घालू नका. ‘हुशार’ वाचलं की घरात स्कॉलरशिपची गाइडं येऊन पडतात. ‘एकलकोंडा’ वाचलं की दुसऱ्या दिवसापासून पोराची उलटतपासणी सुरू होते. तुम्हाला वर्गात जे दिसलं तेवढंच लिहा.

आता तो एकटा का पडतो, ते बघा. कारण कळलं की पुस्तकं निवडणं सोपं जातं. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस नावाच्या संशोधक होत्या. मुलांना मैत्रीत नेमकं काय हवं असतं, याचा त्यांनी अभ्यास केला. लहानपणी मित्र म्हणजे बरोबर खेळणारा. मग गप्पा मारणारा, मग अडीअडचणीला मदत करणारा. मनातलं विश्वासाने सांगता येईल असा मित्र हवासा वाटणं ही फार पुढची पायरी. अतिशय बुद्धिमान मुलं त्या पायरीवर बरोबरीच्या मुलांच्या आधीच पोचतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे वर्गातल्या इतरांना डबा ऐसपैस खेळायला गडी हवा असतो आणि या पोराला जिवाचा मित्र हवा असतो. चूक कुणाचीच नाही, पण जुळत नाही. माझ्या वर्गातला मुलगा लगोरी सुरू व्हायच्या आधी गुण कसे मोजायचे याचे नवे नियम समजावून सांगत बसायचा. त्याचं सांगून होईपर्यंत बाकीचे खेळून मोकळे झालेले असायचे.

त्याच्या घरी दिलेली चिठ्ठी नाव काढून इथे देते:

“सप्रेम नमस्कार. चिरंजीवांचं वाचन इयत्तेच्या बरंच पुढे आहे, हे तुम्हाला घरीही जाणवत असेल. मधल्या सुट्टीत तो बहुतेक पुस्तक घेऊन बसतो. त्याला कुणी चिडवत नाही, याकडे माझं लक्ष आहे. पण तो जे सांगू पाहतो त्यात रमणारा सोबती त्याला अजून वर्गात मिळालेला नाही. तीन पुस्तकं सुचवते. ‘तोत्तोचान’ त्याला स्वतःला वाचू द्या, मात्र आधी तुम्ही दोघांनी वाचून ठेवा. ‘वनवास’ त्याला वाचून दाखवा, एका वेळी एकच कथा. ‘फास्टर फेणे’चं कुठलंही एक पुस्तक त्याला शाळेत आणू द्या. वाचून झाल्यावर सारांश विचारू नये, ही विनंती. महिन्याभराने सवडीने भेटू या.”

एवढीच चिठ्ठी. तीनच पुस्तकं, कारण दहा नावं दिली की पालक ती यादी दुकानदाराच्या हातात देतात आणि गठ्ठा घरी आणतात. या तिन्हींची कामं वेगवेगळी आहेत.

‘तोत्तोचान’ हे तेत्सुको कुरोयानागी यांचं, मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणलेलं. तोत्तोचानला पहिल्या शाळेने काढून टाकलेलं असतं. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. अशा मुलाला हे प्रकरण फार लागतं, कारण त्याचं बोलणं इतका वेळ कुणी ऐकलेलं नसतं. पुढे पोलिओ झालेल्या यासुआकीला ती झाडावर चढायला मदत करते, शिडी आणते, घामाघूम होते. मैत्री कष्टाने जुळवावी लागते हे तिथे न सांगता कळतं. पण हाच यासुआकी पुढे मरतो, आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. नऊ वर्षांच्या मुलाला वाक्यं सगळी समजतात, पण ते दुःख त्याने एकट्याने पेलावं असं नाही. म्हणून पालकांनी आधी वाचायचं.

‘वनवास’चं थोडं निराळं आहे. त्याचे लेखक प्रकाश नारायण संत आपल्या कराडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. यातला लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या डोक्यात सतत काहीतरी चाललेलं असतं आणि बऱ्याच गोष्टी त्याला ‘मॅड’ वाटतात. आपल्या डोक्यात चालतं तसंच दुसऱ्या कुणाच्या डोक्यात चालतं, हे अशा मुलाला पहिल्यांदा इथे सापडू शकतं. खरं तर हे मोठ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे, लय संथ आहे. मुलाच्या हाती दिलं तर तो चार पानांत सोडून देईल. आईने किंवा वडिलांनी वाचून दाखवलं तर चालतं, आणि पालकांनाही आपल्या पोराचं काहीतरी उमगतं. मला तर पुस्तकाचा हा उपयोग जास्त मोलाचा वाटतो.

फास्टर फेणे त्याच्या पातळीच्या खालचा आहे, आणि मुद्दामच. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा वर्गातल्या कुणालाही वाचता येतो. मी त्याची दुसरी प्रत वर्गाच्या कपाटात ठेवली. पुढे एक क्रिकेटवेडा मुलगा ती घरी घेऊन गेला आणि बनेशच्या सायकलवरून दोघांचं बोलणं सुरू झालं. जिवाभावाचे मित्र ते काही झाले नाहीत. पण सुट्टीतला एक विषय मिळाला. तशी मैत्री त्याला मिळाली ती सहावीतल्या एका मुलीशी, शाळेच्या वाचनालयात. त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलांशी त्याची गाठ पडू द्या. वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असलं तर बिघडत नाही.

पालक स्वतःहून बहुतेक ‘एक होता कार्व्हर’ आणतात. वीणा गवाणकरांचं पुस्तक उत्तम, पण त्यात गुलामगिरी आहे, आईचं अपहरण आहे. दोन वर्षं थांबलं तर काही अडत नाही. शिवाय ‘बघ, किती कष्ट केले त्यांनी’ हे वाक्य त्या पुस्तकाला चिकटूनच घरात येतं.

परवडत नसेल तर विकत घ्यायची गरज नाही. रविवारी पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा म्हणावं. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, बसून फुकट वाचता येतं. यादीपेक्षा तो स्वतः काय उचलतो ते तिथे बघायला मिळेल.

महिन्याभराने पालकांना भेटाल तेव्हा किती पानं वाचली ते विचारू नका. पुस्तकातलं काही तो आपणहून बोलला का, ते विचारा. बोलत असेल तर ठीक चाललंय. बोलणं आणखी कमी झालं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, शाळेचं नाव काढलं की पोट दुखत असेल, तर पुस्तकं बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे पाठवा. आणि कुणी त्याला छळत असेल तर तो बंदोबस्त तुम्हालाच वर्गात करावा लागेल, तिथे पुस्तकाचा उपयोग नाही.

एक राहिलं. चिठ्ठी दप्तरातून पाठवू नका, पालकांच्या हातात द्या. आणि तरीही तो ती वाचणार असं धरूनच लिहा. माझ्या विद्यार्थ्याने वाचली होती, आणि ‘चिरंजीव’ला अवतरणचिन्ह का नाही म्हणून मला विचारलं होतं.